क्यू कार्डवर 'समस्या' असं लिहू नका, 'दोन वॉर्ड' लिहा

भाषण अख्खं लिहून काढायचं आणि मग त्याचे पॉइंट्स कार्डवर उतरवायचे, हे सगळेच सांगतात, पण पॉइंटसाठी नेमका कुठला शब्द लिहायचा हे कोणी सांगत नाही, आणि माझं पहिलं भाषण तिथेच फसलं होतं.

विषय होता सेमेलवाइस, म्हणजे 1847 साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात डॉक्टरांना हात धुवायला लावणारा डॉक्टर. पाच मिनिटांचं भाषण, साधारण साडेसहाशे शब्द. कार्डवर मी लिहिलं होतं पार्श्वभूमी, समस्या, शोध, परिणाम. दिसायला एकदम नीट. स्टेजवर 'समस्या' वाचलं आणि पुढे काहीच आठवेना. कारण 'समस्या' हे त्या भागाचं नाव झालं, तो भाग मी ज्या वाक्याने सुरू करणार होतो ते वाक्य त्यात कुठेच नव्हतं. अडकायला होतं ते एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना, एकदा पहिलं वाक्य तोंडातून गेलं की पुढची तीन-चार आपोआप येतात. म्हणून ट्रिगर शब्दाचं काम एवढंच, ते पहिलं वाक्य सुरू करून देणं.

आता मी काय करतो ते सांगतो. भाषण दोन-तीनदा मोठ्याने वाचतो, मग कागद पालथा ठेवतो आणि समोर कोणी बसलंय असं समजून आपल्या शब्दांत सांगतो, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून. मग ऐकताना फक्त एकच गोष्ट बघायची, प्रत्येक भाग मी कुठल्या शब्दांनी सुरू केला. माझ्या लिहिलेल्या भाषणात होतं, 'तत्कालीन रुग्णालयातील दोन प्रसूती विभागांच्या मृत्यूदरात लक्षणीय तफावत होती.' बोलताना मात्र तोंडातून आलं, 'एकाच दवाखान्यात दोन वॉर्ड होते, एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी, आणि बायका जास्त मरायच्या त्या डॉक्टरांच्या वॉर्डात.' मग कार्डवर गेलं 'दोन वॉर्ड'. 'मृत्यूदरातील तफावत' लिहिलं असतं तर ते लिखाणातलं वाक्य शोधत बसलो असतो.

पुढचा भाग असा की सेमेलवाइसच्या एका डॉक्टर मित्राला शवविच्छेदन चालू असताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी लागली आणि तो त्या वॉर्डातल्या बायकांसारख्याच आजाराने गेला, तिथून सेमेलवाइसला कळलं की आजार हातांवरून येतोय. इथे मी आधी 'कारण सापडलं' लिहिलं होतं, ते खोडून 'मित्राला सुरी लागली' केलं. डोळ्यासमोर काहीतरी दिसलं पाहिजे, दोन ते चार शब्द पुरतात. जास्त झाले की आपण कार्ड वाचायला लागतो आणि मान वर येतच नाही.

मग दुसऱ्या दिवशी (त्याच दिवशी नको, सगळं ताजं असतं) टेस्ट घ्यायची. कार्डवर कुठेही बोट ठेवायचं, क्रमाने नाही, आणि तिथून बोलायला लागायचं. तोंडच उघडलं नाही तर शब्द फार मोघम आहे. बोललो पण भलत्याच भागात शिरलो, तर तो शब्द दोन पॉइंट्सना लागू पडतोय, माझं 'हात धुणे' तसंच होतं, कारण अख्खं भाषणच हात धुण्यावर, मग त्याचं 'क्लोरीनचं पाणी' केलं. शब्द बदलूनही दोन-तीन वेळा तिथेच अडकलो तर मग त्या भागात बहुतेक दोन मुद्दे एकत्र आलेले असतात, ते तोडायचे. माझे आधी चार पॉइंट्स होते त्याचे सहा झाले, पाच मिनिटांना तेवढे बरोबर बसतात.

सगळंच मात्र ट्रिगरवर सोडता येत नाही. आकडे, नावं आणि कोणाचं जसंच्या तसं वाक्य घ्यायचं असेल तर ते पूर्ण लिहा. माझ्या कार्डच्या उजव्या कडेला वेगळ्या रंगात होतं, 'एप्रिल 18 टक्के, जून 2 टक्के', म्हणजे हात धुवायला लावण्याआधी आणि नंतर त्या वॉर्डात किती बायका मरायच्या ते. घाबरल्यावर आकडे सगळ्यात आधी उडतात.

कार्ड पोस्टकार्डाएवढं, एकाच बाजूला लिहिलेलं, जाड पेनाने, दोन ओळींत मोकळी जागा सोडून. हात लांब करून धरलं तरी वाचता आलं पाहिजे. दोन कार्डं झाली तर कोपऱ्यात नंबर टाका, पडली तर लगेच लावता येतात.

आणि शेवटचं वाक्य पूर्ण लिहा, अगदी पाठ असलं तरी. माझं सहा पॉइंट्सचं कार्ड नीट चाललं पण शेवटी मी फक्त 'शेवट' असं लिहिलं होतं, आणि तिथे तेच तेच फिरवून बोलत राहिलो, कुठे थांबायचं ते कळेना. आता सगळ्यात खाली चौकटीत ते वाक्य असतं, ते म्हणायचं आणि खाली बसायचं.