कॅश फ्लो टॅली झाला तरी मार्क का जातात? या चुका टाळा

कॅश फ्लोचे पेपर तपासताना एक गोष्ट हमखास दिसते. खाली क्लोजिंग कॅश बरोब्बर जुळलेली, त्याखाली कौतुकाने दोन रेघा मारलेल्या, आणि वर ऑपरेटिंगचा आकडा साफ चुकलेला. पोरं म्हणतात "पण मॅडम, टॅली झालंय की!" झालंय, पण एकाची रक्कम दुसऱ्याच्या खिशात टाकली तरी घरातले एकूण पैसे तेवढेच राहतात ना, तसंच आहे हे.

एक उदाहरण घेऊ. टॅक्सच्या आधीचा प्रॉफिट २,४०,०००. मशिनरी कॉस्टला सुरुवातीला ५,००,०००, शेवटी ६,२०,०००. साठलेलं डेप्रिसिएशन आधी १,००,०००, नंतर १,३०,०००. मधे एक जुनं मशीन विकलं, कॉस्ट ८०,०००, त्यावर डेप्रिसिएशन ३०,००० झालेलं, आणि आले ६२,०००. म्हणजे बुक व्हॅल्यू ५०,००० आणि फायदा १२,०००.

आता सगळ्यात कॉमन चूक म्हणजे इन्व्हेस्टिंगमधे ५०,००० लिहायचे आणि १२,००० चा फायदा प्रॉफिटमधे तसाच राहू द्यायचा. बेरीज जुळते! पण मशीन विकणं हा काही रोजचा धंदा नाही, त्यामुळे तो फायदा ऑपरेटिंगमधून वजा करायचा आणि हातात आलेले पूर्ण ६२,००० इन्व्हेस्टिंगला दाखवायचे. जे पैसे खरोखर आले तो आकडा लिहायचा, बुक व्हॅल्यू कुणी आणून दिलेली नसते.

दुसरी चूक खरेदीत. ६,२०,००० वजा ५,००,००० करून १,२०,००० ची खरेदी लिहून मोकळे होतात. अहो पण ८०,००० चं मशीन मधेच गेलंय ना, म्हणजे शिल्लक राहिलं ४,२०,०००, तिथून ६,२०,००० ला पोचायला २,००,००० ची खरेदी लागली. डेप्रिसिएशनचंही तेच, विकलेल्या मशीनचे ३०,००० बाहेर गेले, उरले ७०,०००, शेवटी १,३०,००० आहे म्हणजे या वर्षाचं ६०,०००, नुसता फरक काढून ३०,००० नाही. दोन्ही अकाउंट रफ पेजवर का होईना, पण काढाच, डोक्यात करायला जाऊ नका.

मग व्याज. डिबेंचरचं व्याज २०,००० प्रॉफिटमधून आधीच वजा झालेलं असतं, ते ऑपरेटिंगला परत मिळवायचं आणि फायनान्सिंगला वजा दाखवायचं. दोन्ही ठिकाणी विसरलात तर? परत टॅली, आणि परत मार्क गेले. (कंपनी बँक किंवा फायनान्सवाली असेल तर मात्र एएस-३ नुसार व्याज ऑपरेटिंगलाच, कारण त्यांचा धंदाच तो. प्रश्नाची पहिली ओळ नीट वाचा.)

आता आपलं उदाहरण पुरं करू. २,४०,००० अधिक डेप्रिसिएशन ६०,००० अधिक व्याज २०,००० वजा फायदा १२,०००, झाले ३,०८,०००. डेटर्स २५,००० ने वाढले ते वजा, क्रेडिटर्स १५,००० ने वाढले ते अधिक, भरलेला टॅक्स ५०,००० वजा, ऑपरेटिंग आलं २,४८,०००. इन्व्हेस्टिंग म्हणजे ६२,००० वजा २,००,०००, म्हणजे उणे १,३८,०००. फायनान्सिंगला व्याज २०,००० आणि परत केलेलं लोन ६०,०००, उणे ८०,०००. कॅश ३०,००० ने वाढली, ४०,००० ची ७०,००० झाली.

आणि नाहीच जुळलं तर घाबरून पहिल्यापासून खोडायला लागू नका, फरक किती ते बघा, तोच चूक दाखवतो. इथे १२,००० जास्त आले तर फायदा वजा करायचा राहिला, २४,००० जास्त तर तो वजा करायच्या ऐवजी मिळवला. २०,००० जास्त म्हणजे व्याज मिळवलं पण फायनान्सिंगला टाकलं नाही, २०,००० कमी म्हणजे उलटं झालं. आणि बरोब्बर ५०,००० जास्त, म्हणजे बुक व्हॅल्यू इतके? तर मशिनरी आणि डेप्रिसिएशन दोन्हीचा नुसता फरक घेतलात, खरेदीत ८०,००० ने फायदा झाला आणि डेप्रिसिएशनमधे ३०,००० ने तोटा. हे मी स्वतः शिकत असताना चार वेळा केलंय.

राहता राहिलं बँक ओव्हरड्राफ्ट आणि कॅश क्रेडिट. बॅलन्स शीटमधे क्रेडिटर्सच्या शेजारी दिसतात म्हणून हात आपोआप वर्किंग कॅपिटलकडे जातो, पण ते उसने पैसे आहेत, एएस-३ च्या प्रश्नात त्यांची वाढ-घट फायनान्सिंगला. आणि डिबेंचर देऊन बिल्डिंग घेतली असेल तर ती कुठेच लिहायची नाही, कॅश हललीच नाही.