चौरस पाटातलं उष्णतावहन: फरक थांबला म्हणजे उत्तर आलं असं नाही

नोड म्हणजे जाळीच्या रेषा जिथे छेदतात तो बिंदू; त्याचं समीकरण इथे पुन्हा मांडत नाही. जाळीचे सगळे चौकोन चौरस, उष्णतावाहकता k स्थिर, आत उष्णतानिर्मिती नाही, तर आतल्या प्रत्येक नोडचं तापमान हे चार शेजाऱ्यांची सरासरी. इथवर कुणी अडत नाही. अडतात ते पुढे, आणि अडलोय हे कळतही नाही.

एक पाट घ्या. वरची कड 100 °C, बाकी तिन्ही 0 °C. प्रत्येक बाजूचे 4 भाग केले की आत 9 नोड मिळतात. सगळीकडे 0 धरून वरच्या डाव्या नोडपासून गाउस-सायडेलची पहिली फेरी हाताने करा, म्हणजे एकेका नोडला शेजाऱ्यांच्या ताज्या आकड्यांची सरासरी देत जा. वरच्या ओळीत 25, मग 31.25, मग 32.81 येतात. पाट डावीकडून उजवीकडे सममित आहे, तरी डावा नोड 25 आणि उजवा 32.81! चूक नाही, फेऱ्या अपुऱ्या आहेत. फेऱ्या वाढवत गेलात की वरची ओळ 42.86, 52.68, 42.86 वर येते, मधली 18.75, 25, 18.75 वर आणि खालची 7.14, 9.82, 7.14 वर. ही 9 नोडची जाळी एकदा कागदावर कराच. प्रोग्राम लिहिण्याआधी हे टाळणाऱ्याला पुढे नेमकं काय बिघडलं ते ओळखता येत नाही.

आता सापळा. बहुतेक जण "दोन फेऱ्यांतला सर्वांत मोठा फरक 0.01 पेक्षा कमी झाला की थांब" अशी अट घालतात. 9 नोडला ती चालते, कारण तिथे प्रत्येक फेरीत चूक साधारण निम्मी होते, फरक 0.01 असेल तर उरलेली चूकही तेवढीच असते. पण बाजूचे 40 भाग केले की आत 1521 नोड होतात, आणि एका फेरीनंतर चुकीचा 0.9938 इतका भाग तसाच शिल्लक राहतो. म्हणजे एका फेरीत चूक जेमतेम 0.6 टक्क्याने घटते. फेरीतला फरक हा त्या घटीएवढाच असतो, म्हणून उरलेली चूक फरकाच्या सुमारे 160 पट असते. 0.01 फरकावर थांबलात तर चूक 1.6 अंश! पाचेकशे फेऱ्यांनंतर प्रोग्राम शांतपणे थांबतो आणि मध्यबिंदूवर 23.4 च्या आसपास दाखवतो. तिथे 25 च हवं: चारही कडा आलटून पालटून 100 केल्या आणि ती उत्तरं मिळवली तर सगळीकडे 100 येतं, मग मध्यबिंदूला प्रत्येक कडेचा वाटा चौथा. जाळी बारीक केली की हा घोळ वाढतोच. 100 भागांना उरलेली चूक फरकाच्या हजारपट होते.

एक्सेलमध्ये इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करून हे सोडवणाऱ्यांनी जास्त जपावं. मूळ सेटिंग 100 फेऱ्या आणि 0.001 फरक असं असतं, आणि शंभर झाल्या की ते काही न सांगता थांबतं. शिकायला ही वाट मला आवडत नाही.

उपाय अवघड नाही. सरासरी आणि जुनं तापमान यांतला फरक ω ने गुणून जुन्या तापमानात मिळवायचा, कोडमध्ये ω ला w म्हटलंय:

```
r = (T[i-1][j] + T[i+1][j] + T[i][j-1] + T[i][j+1])/4 - T[i][j]
T[i][j] += w*r
```

चौरसासाठी, चारही कडांचं तापमान दिलेलं असताना, ω = 2/(1 + sin(π/n)), n म्हणजे बाजूचे भाग. 40 भागांना हे 1.85 येतं आणि एका फेरीनंतर चुकीचा साधारण 0.85 भाग उरतो. शेकडो फेऱ्यांचं काम काही डझनांत होतं. ω 2 किंवा जास्त ठेवलात तर उत्तर हाताबाहेर जातं. 2 च्या अगदी जवळ ठेवलात तर रेंगाळतं.

तरी अट फरकावर सोडू नका, उष्णतेचा हिशेब मांडा. 9 नोडच्या जाळीत वरून आत येते (100−42.86)+(100−52.68)+(100−42.86), म्हणजे 161.6, गुणिले k. दोन्ही बाजूंनी 68.75 प्रमाणे आणि खालून 24.1 बाहेर जाते. बेरीज तीच 161.6. 40 भागांच्या त्या अर्धवट उत्तरात मात्र आत येणारी उष्णता बाहेर जाणारीपेक्षा तीनेक टक्के जास्त निघते. चोरी इथे सापडते.

हिशेब जुळला तरी जाळीची चूक वेगळी उरते, तिला फेऱ्या लागू पडत नाहीत. वरच्या ओळीतल्या मधल्या नोडचं खरं तापमान 54.05 आहे, 9 नोडची जाळी 52.68 वरच अडते. त्यासाठी जाळीच बारीक करावी लागते. मात्र कडेतून जाणारी एकूण उष्णता अशी जाळी बारीक करत मोजायला जाऊ नका: 100 आणि 0 च्या कडा ज्या कोपऱ्यात भेटतात तिथे प्रवाह अमर्याद आहे, त्यामुळे जाळी जितकी बारीक तितका हा आकडा वाढतच जातो. त्यात तुमचा प्रोग्राम चुकलेला नसतो.