तळहाताने प्रोटीन मोजताय? या चुका टाळा

आहारतज्ज्ञ ताई मंडळाच्या हॉलमध्ये येतात, हात वर करून तळवा दाखवतात आणि सांगतात की एवढा तुकडा म्हणजे 20 ते 25 ग्रॅम प्रोटीन. ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्यांच्या डोक्यात फक्त 'तळवा' आणि 'वीस' एवढंच उरतं. तळवा कुठला, कशाचा तुकडा, शिजलेला की कच्चा, हे सगळं हॉलमध्येच राहतं. मग पुढच्या महिन्यात तक्रार येते की मोजून खाल्लं तरी फरक पडत नाही.

माप मुळात असं आहे: बोटं आणि अंगठा सोडून उरलेला तळवा, तेवढाच लांब-रुंद आणि तेवढाच जाड, शिजलेल्या, हाडं नसलेल्या चिकनचा किंवा घट्ट मांसाच्या माशाचा तुकडा. बाईच्या हाताला तो साधारण 85-90 ग्रॅम भरतो. हे माप घट्ट पदार्थांसाठी आहे. ज्यात पाणी मिसळता येतं, त्याला ते लागू पडत नाही. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

वरणाला तळवा लावणं

ही चूक शाकाहारी घरांत हटकून होते. गिरगावातल्या एका चाळीच्या हॉलमध्ये व्याख्यान संपल्यावर एक मावशी हिशेब मांडून उभ्या राहिल्या. दुपारचं वरण एक तळवा, रात्रीची आमटी एक तळवा, मटकीची उसळ एक तळवा. "ताई, माझे साठ ग्रॅम होतात. मला काही कमी नाही."

ताईंनी विचारलं, "वरण हातावर ठेवून बघितलंत का?" हॉल हसला. पण पुढचा प्रश्न जास्त कामाचा होता: "कुकरला डाळ किती लावता?"

मावशींचं वजन 55 किलो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रोटीन हवं. घरात माणसं चार. दिवसभरासाठी मिळून अर्धी वाटी तूरडाळ, म्हणजे सुकी 60 ग्रॅम. डाळीत प्रोटीन साधारण 22 टक्के, तेव्हा अख्ख्या कुकरात 13 ग्रॅम. चौघांत वाटलं तर मावशींच्या वाट्याला तीन ग्रॅम आणि थोडं वर, तेही दोन जेवणं मिळून. उसळीला 100 ग्रॅम सुकी मटकी. त्यातून त्यांना साडेपाच. म्हणजे ज्याचे साठ धरले होते, त्याचे झाले नऊ.

बाकीचं ताटही मोजलं. चार पोळ्यांचे 12, भाताचे 4, दोन चहांतल्या दुधाचे 5, वाटीभर दह्याचे 3. पोळीला प्रोटीन नसतं असं समजणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी. या ताटात सगळ्यात मोठा वाटा पोळीचाच आहे. एकूण 33. म्हणजे 13 ग्रॅमचा खड्डा, आणि मावशींच्या हिशेबात मात्र जास्तच होत होतं.

खड्डा भरायला काय केलं? कुकरला अर्धीऐवजी एक वाटी डाळ लावली आणि पाणी होतं तेवढंच ठेवलं: तीन ग्रॅम वाढले. दह्याची दुसरी वाटी: आणखी तीन. आणि 40 ग्रॅम पनीर, म्हणजे 200 ग्रॅमच्या पाकिटाचा पाचवा भाग: सात. झाले तेरा. अंडं चालत असेल तर पनीर-दह्याची ही जुळवाजुळव न करता दोन उकडलेली अंडी खाल्ली तरी भागतं.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच: डाळ सुकी मोजायची. नेहमीच्या लहान वाटीत साधारण 120 ग्रॅम सुकी डाळ बसते आणि तिच्यात 26 ग्रॅम प्रोटीन असतं. वर कितीही पाणी घाला, कितीही वेळ घोटा, ते 26 च राहतं. प्रश्न फक्त ते किती ताटांत वाटलं जातं एवढाच. आपली वाटी एकदा किराणावाल्याच्या काट्यावर भरून बघावी, वाट्यांचे आकार घराघरांत वेगळे असतात. शिजलेल्या वरणाचे ग्रॅम मोबाइलवर शोधत बसणाऱ्यांना तिथे आकडा मिळतोही, पण तो दुसऱ्याच कुणाच्या घरच्या घट्ट वरणाचा असतो.

बोंबील आणि सुरमई एकाच मापात धरणं

मासे खाणारे या भागात निर्धास्त असतात, आणि तिथेच फसतात. ओला बोंबील हा जवळजवळ नऊ दशांश पाणीच असतो. म्हणून तर तळण्याआधी तो वजनाखाली दाबून ठेवतात. तेवढ्याच वजनाच्या सुरमईच्या साधारण निम्मं प्रोटीन त्यात असतं. त्यात तळलेल्या बोंबलाची जाडी दिसते ती बरीचशी रव्याची आणि तांदळाच्या पिठाची. दोन कुरकुरीत बोंबलांनी तळवा झाकला म्हणून वीस ग्रॅम धरायचे नाहीत, दहा धरा. सुक्या बोंबलाचं उलटं: हाताला हलका, पण पाणी उडालेलं असल्यामुळे प्रोटीन दाटलेलं. मात्र रक्तदाब असलेल्यांनी त्यातलं मीठ विसरू नये.

सुरमईत वेगळी गंमत आहे. तुकडी रुंद असते, तळव्याला पुरून उरते, पण पातळ कापलेली असते. तळव्याची जाडी साधारण दोन सेंटीमीटर आणि तुकडी एक सेंटीमीटरची असेल, तर तो अर्धाच तळवा झाला. कोळणीला आधीच "जाड काप" म्हणून सांगावं, नाहीतर दोन तुकड्या एक धराव्यात. पापलेट अख्खं असेल तर डोकं, शेपूट आणि मधला काटा वगळून उरेल तेवढंच मोजायचं. तिसऱ्यांचं ताट भरलेलं दिसतं, पण त्या शिंपल्यांतून काढून एका वाटीत जमवल्या की खरा हिशेब कळतो.

बाकीच्या, थोडक्यात

बोटांसकट हात धरणं: माप जवळजवळ दुप्पट होतं.

कच्च्या चिकनवर हात ठेवणं: शिजल्यावर वजन साधारण पाव भागाने घटतं, म्हणून कच्चं थोडं मोठं घ्या.

नवऱ्याच्या हाताने बायकोचं ताट मोजणं: ज्याचं ताट त्याचा हात. मोठ्या माणसाचा हात बहुधा मोठा असतो, हीच तर या मापाची सोय आहे.

अंड्यांना तळवा लावणं: कशाला? अंडी मोजता येतात. एकाला सहा ग्रॅम.

शेंगदाण्यांची मूठ: 30 ग्रॅमला सातेक ग्रॅम प्रोटीन मिळतं, पण त्याच्या दुप्पट तेल पोटात जातं. टीव्हीसमोर डबा घेऊन बसू नये.

हे सगळं ऐकायचा कंटाळा येऊन "त्यापेक्षा पावडरच सांगा ना" असं पहिल्या पाच मिनिटांत विचारणारा एक तरी प्रत्येक हॉलमध्ये असतो. त्याने आधी आठवडाभर कुकरला किती डाळ लागते ते लिहून आणावं. खड्डा किती ग्रॅमचा आहे हेच माहीत नसताना डबा आणून काय भरणार?

आणि ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी तळवा, वाटी, मूठ यातलं काहीच वापरू नये. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रोटीन बहुधा कमी ठेवायला सांगतात आणि सुरू झाल्यावर वाढवायला, त्यामुळे शेजारच्या रुग्णाचं मापही चालत नाही. त्यांचा आकडा त्यांचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ रिपोर्ट बघून ग्रॅममध्ये देतात, आणि तो स्वयंपाकघरातल्या काट्यावरच मोजायचा असतो.