हबीबी कुणाला म्हणायचं, कुणाला नाही: आखातात काम करणाऱ्यांनी या चुका टाळा

दुबई, शारजा, दोहा किंवा कुवेतला नोकरीला गेलेल्या माणसाच्या तोंडी पहिल्याच महिन्यात तीन अरबी शब्द बसतात: यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे संपलं, आणि हबीबी म्हणजे माझ्या लाडक्या. पहिले दोन कुणालाही म्हटले तरी फारसं बिघडत नाही. तिसऱ्याने मात्र चांगली जुळलेली ओळख विस्कटू शकते, आणि का विस्कटली हे समोरचा सहसा सांगत नाही.

चूक होते ती ऐकण्याच्या सवयीमुळे. टॅक्सीवाला हबीबी म्हणतो, साइटवरचा इजिप्शियन फोरमन म्हणतो, शावर्मा बांधून देणारा सीरियन पोऱ्याही म्हणतो. आपल्याला वाटतं, आपण जसं कुणालाही भाऊ म्हणतो तसंच हे. पण आपण जे ऐकतो ते जवळजवळ सगळं पुरुषाने पुरुषाला म्हटलेलं असतं. पुरुषांमध्ये हा शब्द खरोखरच सैल आहे, अनोळखी माणसालाही चालतो. तोच शब्द पुरुषाकडून बाईकडे गेला, धाकट्याकडून थोरल्याकडे गेला, किंवा अर्जदाराकडून काउंटरपलीकडच्या अधिकाऱ्याकडे गेला, की त्याचं वजन एकदम वाढतं.

ऐकलं तेच परत करू नका

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून एक प्रसंग नीट उलगडून पाहू. समजा, चिपळूणचा पंचविशीतला मुलगा शारजातल्या एका मालवाहतूक कंपनीत कामाला आहे. अकाउंट्समध्ये पन्नाशीच्या लेबनीज बाई आहेत. हा बिलं घेऊन जातो, त्या सही करतात आणि आभार मानत म्हणतात, “शुक्रन, हबीबी.” याला बरं वाटतं. एव्हाना त्याला कळलेलं असतं की बाईला म्हणताना हबीबीचं हबीबती होतं. तो उत्साहाने म्हणतो, “अफवन, हबीबती!”

व्याकरण बिनचूक आहे, तरी बाईंचा चेहरा बदलतो. बैरूत, दमास्कस, अम्मान, कैरो या भागातल्या मोठ्या वयाच्या बायका मुलाच्या वयाच्या कुणालाही हबीबी म्हणतात. दुकानदारीण गिऱ्हाइकाला म्हणते, नर्स पेशंटला म्हणते. ती माया वयाने वरून खाली येते. आपल्याकडे काकू “अरे बाळा, जरा इकडे ये” म्हणतात, म्हणून आपण काकूंना बाळा म्हणत नाही, तसंच हे. शिवाय तरुण पुरुषाने बाईला हबीबती म्हणणं हे नवरा-बायको, प्रियकर-प्रेयसी, बाप-लेक किंवा भाऊ-बहीण यांच्यातलं बोलणं आहे. ऑफिसात ते सलगी करणं वाटतं.

मग उत्तर काय द्यायचं? लेबनीज किंवा सीरियन बाईंना “तिकरमी, मादाम” म्हणावं. तुमचा मान राहो, अशा भावाचं हे सभ्य उत्तर आहे आणि त्यांच्या मायेला ते पुरेसं गोड आहे. पुरुषाला हेच तिकरम होतं. एवढं सुचलं नाही तर नुसतं “शुक्रन, मादाम” बोलून हसावं. इजिप्शियन बाई वयस्कर असतील तर त्या तुम्हाला “या इब्नी” म्हणजे अरे बेटा म्हणतील, यातला या म्हणजे आपलं अरे किंवा अगं. त्यांनाही मादाम चालतं.

चूक झाली आहे हे ओळखायची एक खूण आहे. दुसऱ्या दिवशी त्या बाई तुम्हाला हबीबी म्हणायचं थांबवतात आणि “अखी” म्हणू लागतात. अखी म्हणजे माझा भाऊ. ऐकायला जवळचा वाटणारा हा शब्द बाई पुरुषाला वापरते तेव्हा बऱ्याचदा मधे एक रेघ ओढलेली असते. ती रेघ मानावी. उलट बाजूनेही असाच शब्द आपल्या उपयोगी आहे: समवयस्क किंवा अनोळखी बाईला हाक मारायची वेळ आली तर “उख्ती”, म्हणजे ताई, हा सुरक्षित शब्द आहे.

समवयस्क मैत्रिणीसारखी वागणारी सहकारी असली तर? बैरूतच्या मंडळींत मिश्र गटात हबीबी सहज फिरतो, ती तुम्हालाही म्हणेल. तरीही तुम्ही नावानेच हाक मारा, असं माझं ठाम मत आहे. तिला त्यात काहीच कमी वाटणार नाही. एमिराती, सौदी, कुवेती बायकांच्या बाबतीत तर प्रश्नच येत नाही. घराबाहेरच्या पुरुषाने असा शब्द वापरण्याची तिथे पद्धतच नाही. आणि हा केवळ रीतभातीचा मामला राहिलेला नाही. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यात कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ आणि शाब्दिक त्रास देण्याला स्पष्ट मनाई आहे. एखाद्या सहकारी बाईंनी नको म्हटल्यावरही हबीबती चालूच ठेवलं, तर “इथे सगळेच म्हणतात” हा बचाव टिकणार नाही.

‘या अल्बी’चं ‘या कल्बी’ होऊ देऊ नका

हृदयाला अरबीत कल्ब म्हणतात, पण त्यातला क आपला नव्हे. तो घशात, पडजिभेपाशी निघतो आणि अरबी लिपीत ق असा लिहितात. आपल्या क सारखा जो साधा क आहे तो ك, आणि त्या क ने बोललात तर शब्दाचा अर्थ कुत्रा होतो. म्हणजे पुस्तकातून शिकून प्रेमाने “या कल्बी” म्हणणारा मराठी माणूस समोरच्याला “माझ्या कुत्र्या” म्हणत असतो. अरबांमध्ये कुत्रा म्हणणं ही जबर शिवी आहे.

सुदैवाने बोलीभाषेत यातून वाट आहे. कैरो, बैरूत आणि दमास्कसमध्ये हा ق गिळला जातो, त्याच्या जागी घशात हलका झटका येतो आणि “या अल्बी” ऐकू येतं. आखाती बोलीत त्याचा ग होतो: “गल्बी”. दोन्ही मराठी जिभेला सोपे आहेत. समोरचा लेबनीज, सीरियन, इजिप्शियन असेल तर अल्बी, आखाती असेल तर गल्बी. पुस्तकी क च्या वाटेला जाऊच नका.

लिहिताना मात्र उलटं आहे. उच्चार अल्बी असो की गल्बी, अरबी लिपीत सहसा قلبي असंच लिहितात. घाईत कीबोर्डवर ق ऐवजी ك दाबला गेला तर كلبي होतं, म्हणून पाठवण्याआधी पहिलं अक्षर तपासा. व्हॉट्सॲपवर रोमन लिपीत लिहिणारे 7abibi, 2albi, 3omri असे आकडे घालतात. 7 म्हणजे घशातून फुंकर मारल्यासारखा ह, 2 म्हणजे तो हलका झटका आणि 3 म्हणजे ऐन हे घशातलं व्यंजन. ya 2albi हे टायपिंगमधलं चुकलेलं नाही, ते या अल्बीच आहे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. अल्बी, हयाती, उमरी, रूही हे शब्द बाई-पुरुषाप्रमाणे बदलत नाहीत, म्हणून काहींना ते हबीबीपेक्षा सौम्य आणि सोयीचे वाटतात. प्रत्यक्षात ते जास्त जवळचे आहेत. हबीबी टॅक्सीवाल्याला चालतो. हयाती, म्हणजे माझं आयुष्य, त्याला म्हणून पाहा, तो वळून बघेल. बायका आपसात “या अल्बी” सढळपणे म्हणतात, लेबनीज-सीरियन दोस्तही एकमेकांना म्हणतात. पण आपण कुणाच्या दोस्तीत तितके मुरलो आहोत हे त्यांनी ठरवायचं असतं. त्यांच्याकडून दोन-चारदा आल्याशिवाय आपण सुरुवात करू नये.

घरात गेल्यावर

एखाद्या सीरियन मित्राने जेवायला बोलावलं तर कानांचा गोंधळ उडेल. आई चार वर्षांच्या मुलाला “तआल, मामा” म्हणते, बाप मुलीला “शू बिद्दिक, बाबा?” म्हणजे काय हवं, असं विचारतो. मामा म्हणजे आई, बाबा म्हणजे वडील. आईबाप मुलांना आपल्याच नात्याच्या नावाने हाक मारतात. तुम्हाला मुलं “अम्मो” म्हणजे काका म्हणतील, आणि तुम्हीही त्यांना उलट अम्मो म्हटलंत तर सगळं घर खूश होईल. मुलगा लहान असेल तर हबीबी, मुलगी लहान असेल तर हबीबती, हेही मोकळेपणाने म्हणा.

आजी नातवाला “तुअबुरनी” म्हणेल: तू मला पुरावंस, म्हणजे तुझ्याआधी मी जावं, तुझं दुःख मला बघावं लागू नये. इतकं खोल प्रेम एका शब्दात आहे. ऐका, पण उचलू नका. पाहुण्याच्या तोंडी तो शोभत नाही.

मित्राच्या बायकोला कुठलाच लाडका शब्द नको. बैरूतच्या घरात नावाने किंवा मादाम म्हणून बोलता येतं. आखाती मित्राकडे तर बायकोची वेगळी चौकशीही टाळतात, “शलोन अल-अहल?” म्हणजे घरचे कसे आहेत, एवढंच विचारतात. थोरला मुलगा मुहम्मद असेल तर मित्राला “अबू मुहम्मद” म्हणा. त्या हाकेतला मान आणि जवळीक हबीबीत नाही.

हबीबी रागातही येतो

शब्द वाक्यात कुठे येतो तिकडे लक्ष द्या. “तिकरम, हबीबी” असा शेवटी, लांबवून आला तर माया. “शूफ, हबीबी…” किंवा “इस्मअ, हबीबी…” अशी वाक्याची सुरुवात झाली, म्हणजे “हे बघ” आणि “ऐक”, तर समोरच्याचा पारा चढतो आहे. “ला, हबीबी, ला”, म्हणजे नाही, आला की त्याच्या मते विषय संपला. भाड्यावरून किंवा पार्किंगवरून वाद चालू असताना हे ऐकलंत तर उलट हबीबी फेकू नका, भांडण पेटतं. “अखी” म्हणा, आवाज खाली आणा आणि मुद्द्याचं बोला.

व्हिसाच्या काउंटरवर, पोलिसासमोर आणि बँकेत हबीबी वर्ज्य. तिथेही पुरुषाला अखी, बाईला उख्ती. इजिप्शियन इंजिनिअरला साइटवर “या बाशमुहंदिस” म्हणतात, त्याला ते हबीबीपेक्षा जास्त आवडतं.

चूक झालीच तर लांबलचक खुलासा देऊ नका. त्याने अवघडलेपण वाढतं. आसिफ म्हणजे माफ करा; बाईंना “आसिफ, उख्ती” किंवा “आसिफ, मादाम” म्हणावं आणि लगेच कामाचं पुढचं वाक्य बोलावं. कल्बीचा घोटाळा झाला असेल तर छातीवर हात ठेवून “अल्बी, अल्बी” म्हणा. परदेशी माणसाची जीभ कुठे अडते हे अरबांना ठाऊक असतं, तेवढ्याने समोरचा समजून घेतो.