पेपरात ‘टिंबरलँड’ उगवलं की काय तपासायचं: या चुका टाळा

‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्स. ‘फ्लॅग टू कमोशन’ म्हणजे सिग्नल टू नॉइज. आणि वैद्यकीय पेपरातलं ‘बुझम पेरिल’ म्हणजे चक्क ब्रेस्ट कॅन्सर. चोरी लपवायला दुसऱ्याचा मजकूर शब्दबदलू सॉफ्टवेअरमधून काढला की ते सुट्या सुट्या शब्दाला समानार्थी शब्द लावत सुटतं. दोन-तीन शब्द मिळून एक संज्ञा बनलेली असते, हे त्याच्या गावीही नसतं. गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव या तिघा संशोधकांनी २०२१ मध्ये या प्रकाराला ‘टॉर्चर्ड फ्रेजेस’ असं नाव दिलं, तेव्हापासून हे शब्द हुडकणं बऱ्यापैकी सोपं झालंय. हुडकल्यावर काय करायचं, तिथे मात्र आपले गाइड आणि परीक्षक त्याच त्या चुका करतात.

टक्केवारी बघून सही करणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नाशिकमध्ये दिवाळीनंतर सेमिनार आणि पेपरांचा हंगाम सुरू झाला की विद्यार्थी साम्याचा अहवाल, म्हणजे आधीच्या लेखनाशी किती टक्के मजकूर जुळतो त्याचा कागद, फडकवत येतात. “सर, आठ टक्केच आलंय!” आठ टक्के आलेत, कारण ‘रँडम फॉरेस्ट’ या मशीन लर्निंगच्या पद्धतीचं ‘इरेग्युलर टिंबरलँड’ झालंय. जुळणारे शब्दच पुसून टाकल्यावर जुळणार काय?

याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. मुलांना वाटतं, संज्ञा तशीच ठेवली तर टक्के वाढतील. यूजीसीचे २०१८ चे नियम कुणी उघडूनच बघत नाही. सर्वसाधारण संज्ञा, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं साम्याच्या हिशेबातून वगळावीत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही वगळायचं असतं. आणि १० टक्क्यांपर्यंत दंडच नाही. म्हणजे ‘रँडम फॉरेस्ट’ लिहिल्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तरीही झेरॉक्सच्या दुकानात पैसे मोजून टक्के ‘कमी करून’ आणायचे, आणि तो परिच्छेद एकदा स्वतः वाचायचाही कंटाळा करायचा.

शब्द सापडला की लाल शेरा मारून थांबणं

टॉर्चर्ड फ्रेज म्हणजे धाग्याचं बाहेर आलेलं टोक. ते ओढलं नाही तर विद्यार्थी तेवढी संज्ञा दुरुस्त करतो आणि आतला माल तसाच राहतो.

असाच एक पेपर माझ्याकडे तपासायला आला होता. विषय आपल्या घरचाच, द्राक्षाच्या पानांवरचे रोग फोटोवरून ओळखणं. फोटो दिंडोरी आणि निफाड परिसरातल्या बागांतून घेतल्याचा दावा होता. मजकुरात ‘इरेग्युलर टिंबरलँड’, दोन पानांनी ‘आर्बिट्ररी वुडलँड’, पुढे ‘बोल्स्टर व्हेक्टर मशीन’ आणि ‘मीन स्क्वेअर ब्लंडर’. कंसातली लघुरूपं मात्र जागच्या जागी, आरएफ आणि एसव्हीएम. एसव्हीएम म्हणजे ‘सपोर्ट व्हेक्टर मशीन’; ‘बोल्स्टर’चं आद्याक्षर एस कसं होईल? सॉफ्टवेअर सहसा लघुरूपांना हात लावत नाही, म्हणून ती आधी बघावीत. आकृतीच्या चित्रात तर ‘रँडम फॉरेस्ट’ असं धडधडीत छापलेलं होतं, कारण चित्राच्या आतला मजकूर त्याला बदलता येत नाही.

पहिला वाचक इथेच थांबला होता. ‘भाषा सुधारावी’ एवढाच त्याचा शेरा. माझी सवय वेगळी. शब्द बाजूला ठेवायचे आणि जे सॉफ्टवेअर बदलत नाही ते धरायचं: तक्त्यातले आकडे, समीकरणं, संदर्भांचा क्रम. तक्त्यात पानांचे चार गट होते, ११८०, १३८३, १०७६ आणि ४२३ फोटोंचे. ते आकडे शोधायला टाकले:

```
grape leaf "1180" "1383" "1076" "423"
```

हे आकडे ‘प्लांटव्हिलेज’ नावाच्या सर्वांसाठी खुल्या फोटोसंग्रहातल्या द्राक्षाचे आहेत. ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी पानं, याच क्रमाने. एकूण ४०६२. दिंडोरीच्या बागेत हिंडून नेमके तेवढेच फोटो मिळाले, हे कुणी मानावं?

खरं तर आकड्यांच्याही आधी शंका यायला हवी होती. नाशिकच्या बागायतदाराला रोग विचारा, तो आधी केवडा म्हणेल, मग भुरी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की केवड्याच्या धास्तीने माणसं रात्री फवारणीला उभी राहतात. या पेपरात केवडा नाही, भुरीही नाही, कारण त्या संग्रहातल्या द्राक्षाच्या गटांत ते रोगच नाहीत. शब्द बदलणाऱ्याने ‘ब्लॅक रॉट’चं ‘डार्क डिके’ केलं, पण गटांची यादी बदलायचं त्याला सुचलं नाही.

मग मी मूळ फोटो मागवले. मोबाइलच्या मूळ फाइलमध्ये तारीख असते, आकार मोठा असतो, मागे वेल, तार, माती, कुणाचा तरी हात दिसतो. आले ते २५६ बाय २५६ पिक्सेलचे चौकोनी फोटो, साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेलं एकेक तोडलेलं पान. विद्यार्थ्याचं म्हणणं, “सर, मित्राने दिले होते.” पेपर मागे घेतला गेला. नुसता भाषेचा शेरा मारला असता तर तो ‘रँडम फॉरेस्ट’ असं नीट लिहून छापून आला असता, आणि बागेतून एकही फोटो न घेता ‘नाशिकच्या बागांसाठी’ म्हणून कुणीतरी त्याचा आधार घेतला असता.

प्रत्येक विचित्र इंग्रजीला चोरी म्हणणं

ही उलट्या बाजूची चूक, आणि हिच्यात निरपराध माणूस भरडला जातो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचं इंग्रजी अवघडलेलं असेल, पण ती ‘सपोर्ट’ला ‘बोल्स्टर’ म्हणणार नाही, तो शब्द तिला ठाऊकच नसतो. मी एक गोष्ट बघतो. माणूस चुकीची संज्ञा शिकला असेल तर पेपरभर तीच चूक करतो. सॉफ्टवेअर एकाच संज्ञेला इथे टिंबरलँड करतं, तिथे वुडलँड, आणि मध्येच कुठेतरी मूळ शब्द तसाच सोडतं. ही तीन रूपं एकत्र दिसली की माझी शंका पक्की होते.

‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’चं उदाहरण लक्षात ठेवा. असं तंत्र अस्तित्वात नाही, तरी ते बऱ्याच पेपरांत आलं. १९५९ च्या एका दोन रकान्यांच्या लेखात शेजारशेजारचे शब्द स्कॅन करताना जोडले गेले असावेत, हा एक खुलासा. फारसीत ‘स्कॅनिंग’ आणि ‘व्हेजिटेटिव्ह’ यांच्यात एका नुक्त्याचा फरक आहे, हा दुसरा. दोन्हींत शब्दबदलू सॉफ्टवेअरचा संबंध येत नाही. तेव्हा आरोप करण्याआधी, मजकूर ज्यातून उचलला असेल तो मूळ लेख सापडतो का ते बघा. सापडला नाही तर लेखकाला बोलावून त्या वाक्याचा अर्थ विचारा.

बाकीच्या चुका थोडक्यात. फक्त सारांश वाचू नका, तो बहुतेक जण हाताने नीट करतात. घाण पद्धती आणि पूर्वसंशोधनाच्या भागात साचते. कबानाक यांच्या ‘प्रॉब्लेमॅटिक पेपर स्क्रीनर’मध्ये पेपर दिसला म्हणून लगेच निकाल देऊ नका, ते यंत्र फक्त बोट दाखवतं; टॉर्चर्ड फ्रेजेसवर लिहिलेल्या लेखातही त्या असणारच. आणि असा एकही शब्द सापडला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. नवी भाषा मॉडेल्स संज्ञा मोडत नाहीत, इंग्रजी गुळगुळीत लिहितात. कधीमधी ‘रिजनरेट रिस्पॉन्स’ असं चॅटजीपीटीच्या बटणावरचं जुनं लेबल पेपरात राहून गेलेलं दिसतं, पण त्यावर विसंबता येत नाही. तिथे तक्ते, गटांची यादी आणि मूळ फाइली याच कामाला येतात.