एसएल कॉस्टला आणताय? मग या चुका टाळा

ट्रेड जरा नफ्यात आला की एसएल, म्हणजे स्टॉपलॉस, उचलायचा आणि खरेदीच्या भावाला आणून ठेवायचा. ही ‘कॉस्ट टू कॉस्ट’ची सवय कोल्हापुरात बाजारात नव्याने उतरलेलं प्रत्येक पोरगं पहिल्याच आठवड्यात उचलतं. त्याचा आपल्या हिशोबावर काय परिणाम होतो, हे मात्र कुणी मोजत नाही. नियम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण तो न मोजता वापरणाऱ्यांच्या त्याच त्या चुका बघून आता खरंच वैताग आलाय.

‘ट्रेड फ्री झाला’ असं धरून चालणं

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल सविस्तर.

1000 ला खरेदी, एसएल 990, टार्गेट 1020 असा ट्रेड घ्या. धोका 10 रुपयांचा, त्याला 1R म्हणू. म्हणजे टार्गेट 2R. आता असं धरा की भाव वर जाण्याची आणि खाली येण्याची शक्यता अगदी सारखी आहे. असे 120 ट्रेड घेऊन एसएल हलवलाच नाही, तर टार्गेट एसएलच्या दुप्पट लांब असल्याने सरासरी 40 टार्गेटला जातात आणि 80 एसएलला. 80R आले, 80R गेले. खर्च सोडला तर एक्स्पेक्टन्सी, म्हणजे दर ट्रेडमागे सरासरी कमाई, शून्य.

आता 1010 दिसले की एसएल कॉस्टला आणा. 60 ट्रेड 1010 च्या आधीच 990 ला मरतात. उरलेल्या 60 पैकी 30 टार्गेटला पोचतात आणि 30 कॉस्टला कटतात. 60R आले, 60R गेले. एक्स्पेक्टन्सी पुन्हा शून्य. तोट्याचे ट्रेड 80 वरून 60 झाले, तसे नफ्याचेही 40 वरून 30 झाले.

खरी गंमत त्या कॉस्टला कटलेल्या 30 ट्रेडमध्ये आहे. एसएल हलवला नसता तर त्यातले 20 पुढे 990 ला गेले असते, म्हणजे 20R वाचले. पण 10 ट्रेड तिथून वळून 1020 ला गेले असते, म्हणजे 20R हुकले. बरोबरी. टार्गेट 2R असताना कॉस्टला परत आलेल्या ट्रेडपैकी एक तृतीयांशाहून जास्त पुढे टार्गेटला जात असतील, तर एसएल उचलणं तुमचं नुकसान करतंय. कमी जात असतील तर फायदा. 3R च्या टार्गेटला हीच सीमा एक चतुर्थांश होते. या एका प्रमाणावर सगळं ठरतं, आणि ते ज्याच्या त्याच्या पद्धतीप्रमाणे वेगळं निघतं.

उद्यमनगरातला एक पोरगा माझ्याकडे वही घेऊन यायचा. वडिलांचं लेथचं वर्कशॉप, हा सकाळी दोन तास इंट्राडे करायचा. शेअर सपोर्टला आला की तो घ्यायचा. पद्धत चांगली, शिस्तही चांगली. पण महिनाअखेरीला हातात काही उरायचं नाही. “काका, एसएल कॉस्टला आणतोय की मी. लॉस तर कमीच हायत, मग पैसं जात्यात कुठं?” मी त्याला एकच काम सांगितलं. कॉस्टला कटलेला प्रत्येक ट्रेड पुन्हा चार्टवर काढ, आणि मूळ एसएल आधी लागला की मूळ टार्गेट, एवढंच वहीत लिही. त्याला ते काम आवडलं नाही. संपलेला ट्रेड परत कशाला बघायचा, असं सगळ्यांनाच वाटतं.

तरी त्याने केलं. असे 45 ट्रेड निघाले. पाचांत दुपारी 3:15 पर्यंत दोन्हीपैकी काहीच लागलं नव्हतं. ते त्या वेळच्या भावाने मोजले तर त्यांची बेरीज शून्याजवळ आली. उरलेल्या 40 पैकी 22 मूळ एसएलला गेले होते आणि 18 टार्गेटला. 22R वाचवायला त्याने 36R सोडले होते. त्याचा 1R हजार रुपयांचा, म्हणजे 14,000 रुपयांचा फरक. कारणही चार्टवर स्पष्ट दिसत होतं. सपोर्टवरून उठलेला भाव बहुतेक वेळा एकदा खाली येऊन तोच सपोर्ट पुन्हा तपासत होता, आणि नेमका तिथेच याचा एसएल वाट बघत बसलेला.

एक खबरदारी घ्यायला हवी. 40 ट्रेडमध्ये नुसत्या नशिबानेही एक तृतीयांश म्हणजे 13 च्या जागी 16 येऊ शकतात, त्यामुळे 18 हा पक्का पुरावा होत नाही. म्हणून मी त्याला लगेच नियम मोडायला लावलं नाही. पुढचे शंभरेक होईपर्यंत मोजत राहा, म्हटलं. ब्रेकआउटचे ट्रेड वेगळ्या पानावर लिही, हेही सांगितलं. ब्रेकआउटमध्ये भाव परत खरेदीला आला म्हणजे बऱ्याचदा ब्रेकआउटच फसलेला असतो. तिथे हे प्रमाण सीमेखाली येऊ शकतं आणि कॉस्टचा एसएल कामी येतो.

सोयीचा विन रेट सांगणं

वरच्याच 120 ट्रेडमध्ये 30 नफ्याचे, 30 कॉस्टचे, 60 तोट्याचे. सगळ्यांनी भागलं तर विन रेट 25 टक्के. कॉस्टचे ट्रेड मोजायचेच सोडले तर 33 टक्के. ‘तोटा तर नाही ना झाला’ म्हणून ते जिंकलेल्यांत धरले तर थेट 50 टक्के. ट्रेड तेच, पैसे तेच. कुणी कॉस्टचा एसएल लावून विन रेट वाढल्याचं सांगितलं की मी आधी विचारतो, कॉस्टचे ट्रेड कुठल्या रकान्यात टाकलेस? माझ्या वहीत त्यांचा रकाना कायम वेगळा असतो आणि भागाकार नेहमी एकूण ट्रेडने.

या नियमाचा एक फायदा मात्र खरा आहे. तोट्याचे ट्रेड कमी झाल्याने खात्यातला चढउतार कमी होतो. कुणाला तेवढ्यासाठी तो वापरायचा असेल तर जरूर वापरावा, पण त्याने कमाई वाढते असं सांगू नये.

घाईने उचलणं

पोरांना 1005 दिसले की हात शिवशिवतात. अर्ध्या R ला एसएल उचलला तर त्याच 120 पैकी 60, म्हणजे निम्मे ट्रेड कॉस्टला कटतात आणि टार्गेटला फक्त 20 पोचतात. वर त्यातले निम्मेअधिक जण चिडून तोच शेअर पुन्हा घेतात आणि खर्च दुप्पट करतात.

कॉस्ट म्हणजे खरेदीचा भाव असं समजणं

1000 चे 100 शेअर इंट्राडेत घेऊन त्याच भावाला विकले, तरी डिस्काउंट ब्रोकरकडेसुद्धा ब्रोकरेज, एसटीटी, स्टॅम्प ड्युटी, जीएसटी धरून 80 रुपयांच्या आसपास जातात. म्हणजे 0.08R, स्लिपेज वेगळं. असे 30 ट्रेड म्हणजे 2,400 रुपये. एसएल उचलायचाच असेल तर मी 1001 ला ठेवतो आणि जर्नलमध्ये तो ट्रेड शून्य न लिहिता हातात आलेली नेमकी रक्कम लिहितो.

15 मिनिटांच्या कँडलवर बॅकटेस्ट

एकाच कँडलचा हाय 1011 आणि लो 999 असेल, तर आधी 1010 लागला की आधी 999, हे त्या कँडलवरून कळत नाही. बॅकटेस्ट आपल्या समजुतीने एक क्रम धरून मोकळा होतो आणि सगळं उत्तर फिरतं. असे ट्रेड मी एक मिनिटाच्या चार्टवर जाऊन हाताने तपासतो. एक मिनिटातही उलगडा झाला नाही तर दोनपैकी जो निकाल वाईट, तोच लिहितो.