फ्लूनंतर मन खचतं, छाती धडधडते: काय करावं, कोणाला गाठावं

नाशिकमध्ये थंडीत आणि पावसाळ्याच्या शेवटाला घरोघरी कोणी ना कोणी फ्लूने झोपलेलं असतं. इतकी वर्षं नर्सिंग केल्यावर एक सल्ला मला आता ऐकवत नाही: "ताप गेला ना, मग आता मन घट्ट कर." फ्लूमधली उदासी मनाच्या कच्चेपणातून येत नाही. विषाणूशी लढताना शरीर इंटरफेरॉनसारखी रसायनं सोडतं. त्यांचा परिणाम मेंदूवरही होतो आणि खाणं, बोलणं, माणसं सगळंच नकोसं होतं. हेपेटायटिस सी वर पूर्वी हेच इंटरफेरॉन इंजेक्शनने देत, तेव्हा हसतीखेळती माणसंही नैराश्यात जायची.

ताप असताना पेज, पाणी, झोप. बाकी काही समजावत बसू नका. मात्र पेशंट बरळायला लागला, माणसं ओळखेना किंवा उठवूनही नीट जागा होईना, तर ती उदासी नव्हे. तडक हॉस्पिटल गाठा. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर "तापात बोलतायत" म्हणून सकाळची वाट पाहू नका.

खरी गोची ताप उतरल्यानंतरच्या आठवड्यात होते. घरचे निर्धास्त झालेले असतात आणि नेमकी तेव्हाच तिन्हीसांजेला धडधड सुरू होते. सातपूरला कंपनीत शिफ्ट करणारे ओळखीतले एक गृहस्थ घ्या. चौथ्या दिवशी ताप गेला. सहाव्या दिवशी संध्याकाळी छातीत धडधड, हाताला कापरं, "आता काही खरं नाही" असा चेहरा. बायको म्हणाली, "ताई, हे टेन्शनच घेतात हो फार." मी आधी बोटाला ऑक्सिमीटर लावला: ऑक्सिजन ९७, नाडी १०४. छातीत दुखत नव्हतं, धाप नव्हती, ताप नव्हता. मग उशाशी पडलेल्या औषधांच्या पट्ट्या एकेक करून पाहिल्या. सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन होतं, खोकल्याच्या औषधात लेव्होसाल्ब्युटामॉल. पहिल्याने बेचैनी येऊ शकते, दुसऱ्याने हात थरथरतात, छाती धडधडते. त्यावर दिवसभरात पोटात अर्धी पोळी आणि तीन कप कडक चहा! डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सर्दीची गोळी बंद करून खोकल्याचं औषध बदललं. मुगाची खिचडी सुरू झाली, दुपारनंतरचा चहा सुटला. दोन दिवसांत धडधड थांबली. उदासी आणि तुटक झोप मात्र पुढे आठवडाभर रेंगाळली, मग हळूहळू ओसरली.

म्हणून क्रम हाच ठेवा: आधी शरीर, मग औषधं, मग मन. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल, तर "घाबरलाय" म्हणून पाणी पाजत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. फ्लूत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि हात लावून ते कोणाला कळत नाही. औषधांत स्टेरॉइड आणि माँटेलुकास्टकडे लक्ष द्या. माँटेलुकास्ट सर्दी-खोकल्याच्या गोळीत आपल्याकडे सर्रास असतं आणि त्याने काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी येते. पण गोळी स्वतःच्या मनाने तोडू नका, लिहून देणाऱ्याला विचारा. नैराश्याची गोळी आधीपासून चालू असेल तर आजारपणातही ती चुकवायची नाही. लिथियम घेणाऱ्याने तर ताप-अंगदुखीला आयब्रुफेन विचारल्याशिवाय घेऊच नये, त्याने रक्तातलं लिथियम वाढतं.

कामावर परतायची घाई हा दुसरा घोटाळा. पहिल्याच दिवशी पूर्ण शिफ्ट केली की संध्याकाळी अंग गळतं, आणि माणसाला वाटतं आपण कायमचे संपलो. आधी घरातली कामं, मग गल्लीच्या टोकापर्यंत चालणं. दुसऱ्या दिवशी थकवा वाढला नाही, तरच पुढे जा.

आता मदत कधी घ्यायची? ताप गेल्यावर दोन आठवडे झाले तरी दिवसाचा बराचसा वेळ उदास जातोय, किंवा एरवी आवडणाऱ्या कशातच जीव रमत नाही, तर फॅमिली डॉक्टरांना हे शब्दांत सांगा. नुसतं "अशक्तपणा आहे" म्हटलं की टॉनिक लिहून मिळतं. रात्रीमागून रात्री डोळा लागत नसेल, खाणं सुटलं असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. आणि मरणाचे विचार येत असतील, कानात आवाज येत असतील, तर त्याच दिवशी. पेशंटला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आवरून ठेवा आणि सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचं जे चोवीस तास उघडं असेल ते गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र, फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना औषधांच्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.